आई गेली – सी विंग, ३०४

नमस्कार मंडळी,
आमची आई, तुमच्या सगळ्यांच्या जोशी काकू, आज मंगळवारी पहाटे साडेतीनला घरीच गेली. झोपेतच गेली, आम्ही सगळे जवळ होतो. नेत्रदान तिची इच्छा होती, ते सकाळीच झालं.

ताई नागपूरहून निघालीय, ती पोचली की दुपारी ४ वाजता घरून निघायचं, वैकुंठला विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार. अंत्यदर्शन २ ते ४ घरी. शववाहिका सी विंगच्या दाराशी लागेल म्हणून ३ नंतर तिथल्या गाड्या तेवढ्या हलवा प्लीज, आणि निघायच्या वेळी आमच्या विंगची मोठी लिफ्ट मोकळी ठेवा.

अस्थी गुरुवारी सकाळी, फक्त घरचे जाणार. दहावा पुढच्या गुरुवारी सकाळी ८ ला ओंकारेश्वरला, ज्यांना यायचंय त्यांनी थेट घाटावरच या. अकरावा-बारावा घरातल्या घरात. तेरावा रविवारी, दुपारी १२ ला सोसायटीच्या हॉलमध्ये, त्याला मात्र सगळ्यांनी जेवायलाच यायचं. आईला घरी आलेलं माणूस उपाशी गेलेलं कधीच चाललं नाही.

आता एक विनंती, रागावू नका. भेटायला उद्यापासून संध्याकाळी ५ ते ७ या, वार वगैरे बघत बसू नका, पण बाकीच्या वेळी बेल नका वाजवू. बाबा ८२ वर्षांचे आहेत, गेले कित्येक महिने आईच्या उशाशी रात्री जागलेत, दुपारी डोळा लागला तर लागू दे. त्यांना शेवटी काय झालं, कोणत्या हॉस्पिटलला नेलं होतं, आधीच का नाही नेलं, हे कृपा करून विचारू नका, प्रत्येक वेळी ते सगळं पहिल्यापासून सांगतात आणि मग रात्रभर तेच घोळत राहतं. आईच्या आठवणी सांगा, तिने शिकवलेल्या मुलांपैकी कोणी असेल तर ते सांगा, त्यांना बरं वाटतं. ऐकायला कमी येतं, जवळ बसून बोला.

अंत्यदर्शनाचे फोटो, व्हिडिओ काढू नका, स्टेटसला टाकू नका. आजारपणात आई फार वेगळी दिसायला लागली होती आणि तिला ते आवडलं नसतं. बाबांचा नंबर कोणाला फॉरवर्ड करू नका, माझा द्या.

डबे आणायचं बऱ्याच जणांनी विचारलंय, खरंच मनापासून आभार. ३०२ च्या देशपांडे वहिनी ते बघतायत, त्यांच्याशीच बोला म्हणजे एकाच दिवशी चार घरून येणार नाही. हार-फुलं, पैसे काही नको.

शनिवारी ए विंगमध्ये बारसं आहे ना, ते आमच्यासाठी पुढे ढकलू नका, स्पीकरही लावा. आम्हाला काही वाटणार नाही.

काही लागलं तर मला मेसेज करा, फोन उचलला जाईलच असं नाही.

– संजय, सी-३०४