नद्यांची वर्कशीट

मॅडम, नमस्कार.

मागच्या शिक्षण परिषदेत तुम्ही अपूर्णांकांची वर्कशीट दाखवली होती ना, तशीच एक मला महाराष्ट्रातल्या नद्यांवर करून द्याल का? मी स्वतः दोनदा बसलो, पण दोन्ही वेळा हातून माहितीची यादीच उतरली. प्रश्न काढायचा हात तुमचाच.

आधी अडचण सांगतो. आमची शाळा करमाळा तालुक्यात, सीनेच्या बाजूला. पोरांना नद्यांची नावं पाठ आहेत, उगम पाठ आहेत. गोदावरी म्हटलं की त्र्यंबकेश्वर, कृष्णा म्हटलं की महाबळेश्वर, भीमा म्हटलं की भीमाशंकर, धाडधाड सांगतात. परवा सहज विचारलं, "आपल्या सीनेचं पाणी शेवटी जातं कुठं?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "अरबी समुद्रात!" का रे, तर म्हणे समुद्र तिकडंच आहे, मुंबईला. एकीला कोपऱ्यातून उजनी आठवली, पण सीना उजनीत जात नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि चंद्रभागा ही वेगळी नदी आहे यावर तर सगळ्यांचं एकमत. दर आषाढीला घरची माणसं पंढरपूरला जाऊन येतात, पण तीच आपली भीमा, नुसती चंद्रकोरीसारखी वळलीय म्हणून नाव बदललं, हे घरात कुणी सांगत नाही.

म्हणून मला वर्कशीटचा सगळा भर उतारावर हवाय. गोदावरी उगम पावते ती अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर, आणि जाते १४६५ किलोमीटर तुडवत बंगालच्या उपसागराला. का? हे पोरांना एकदा कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसेल. महाबळेश्वरचं उदाहरण घ्याच. एकाच पठारावरचा पाऊस, त्यातला काही सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला उतरतो आणि काही कृष्णेतून थेट आंध्रात पोहोचतो. कोयना तर आधी डोंगराला धरून दक्षिणेकडे जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भेटते. नकाशावर बोट फिरवून पाहण्यासारखं आहे ते.

मग जलविभाजक. सातमाळा-अजिंठ्याच्या एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला गोदावरी. हरिश्चंद्र-बालाघाटानं गोदावरी आणि भीमा वेगळ्या केल्या, महादेव डोंगरानं भीमा आणि कृष्णा. तापीला थोडी जास्त जागा द्या, कारण "सगळ्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात" असं मीच एकदा फळ्यावर लिहून बसलो होतो. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ती खचदरीतून पश्चिमेला सुरतेकडे जाते. माझी चूक पोरांच्या वहीत अजून आहे, ती या निमित्तानं खोडली जाईल.

कोकणातल्या नद्या थोडक्यात आवरल्या तरी चालतील. विदर्भातलं मात्र वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याला गोदावरीला मिळते, एवढं तरी यायला हवं. नाहीतर आमच्याकडे महाराष्ट्र नांदेडला संपतो.

आमच्या भागातलं एखादं घातलंत तर पोरं खूश होतील. सीना आणि भीमेचा संगम हत्तरसंग-कुडलला. तिथल्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. भूगोलाच्या कागदावर शिलालेख कशाला असं केंद्रप्रमुख म्हणतील, म्हणू देत. शेवटी सीनेचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत, कृष्णेचं बंगालच्या उपसागरात, ही साखळी एकदा त्यांच्या हातानं जुळायला हवी.

धरणं ठेवलीत तर पैठणचं जायकवाडी, उजनी आणि कोयना एवढीच. लांबी-रुंदी-क्षमता यांचे आकडे नकोत. त्यात पोरं अडकतात आणि पाणी कुठून कुठं गेलं ते राहून जातं.

झेरॉक्स तालुक्यालाच काढावी लागते आणि काळी पडते, तेव्हा रंगीत काही नको. महाराष्ट्राचा कोरा आराखडा टाकलात तर रेघा जाड ठेवा. उत्तरं वेगळ्या पानावर द्या, मागच्या वेळी पहिल्या बाकावरच्यानं कागद उलटा करून सगळी पाहून घेतली होती.

घाई नाही, पण येत्या शनिवारी सकाळची शाळा आहे तेव्हा सोडवून घ्यायची म्हणतोय. गुरुवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर शुक्रवारी करमाळ्याला जाणाऱ्या आमच्या सरांकडे प्रिंटला देतो. सगळं सविस्तर लिहिलंय, त्यामुळे तुम्हाला विचारायला काही उरलं नसावं. तरी लागलंच तर मधल्या सुट्टीत फोन करा, वर्गात रेंज नसते, मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहतो.