ओवीचं लसीकरण आणि तपासण्या: तारखांचा कागद

जन्म: १२ मार्च २०२५, बुधवार, नाशिक. जन्मवेळचं वजन २ किलो ८०० ग्रॅम.
कागद शेवटचा बदलला: शनिवार, २० जून २०२६. आज ओवी १५ महिने ८ दिवसांची आहे.

हा कागद फ्रिजवर राहील आणि त्याचा फोटो आपल्या तिघांच्या फोनमध्ये. सागरची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, माझी बँक महिनाअखेरीला सुटत नाही आणि ओवीला नेण्याचं काम बऱ्याचदा आईंवर येतं. म्हणून जो घरी असेल त्याने कागद वाचावा आणि निघावं, कुणाला फोन करून विचारायची वेळ येऊ नये. आरोग्य केंद्रात लस दर बुधवारी सकाळी देतात. मूळ नोंद मात्र गुलाबी माता-बाल संरक्षण कार्डावरचीच धरायची. ते कार्ड कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फाइलीत आहे आणि त्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

आता पुढे काय

| कधी | काय | कोण नेणार |
|---|---|---|
| शनि., २७ जून २०२६ | दातांची पहिली तपासणी. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हायला हवी होती, राहून गेली | मी |
| बुध., १५ जुलै | १६ महिन्यांच्या लसी: एमआर दुसरा डोस, त्रिगुणी बूस्टर, पोलिओ थेंबांचा बूस्टर, ‘अ’ जीवनसत्त्वाचा दुसरा डोस | आई आणि सागर (सुट्टी टाकली आहे) |
| ऑगस्टची फेरी | जंतनाशक अर्धी गोळी, अंगणवाडीत. तारीख ताई सांगतील | आई |
| बुध., १२ ऑगस्ट | कांजिण्यांचा पहिला डोस, डॉक्टरांकडे | मी, संध्याकाळी |
| शनि., १२ सप्टेंबर | दीड वर्षाची तपासणी | आम्ही दोघं |
| शनि., ३ ऑक्टोबर | ‘ए’ काविळीचा दुसरा डोस | सागर |
| गुरु., १२ नोव्हेंबर | कांजिण्यांचा दुसरा डोस | मी |
| बुध., २० जानेवारी २०२७ | ‘अ’ जीवनसत्त्व, तिसरा डोस | आई |
| शनि., १३ मार्च २०२७ | दोन वर्षांची तपासणी | आम्ही दोघं |

१६ महिने १२ जुलैला पूर्ण होतात, पण तो रविवार आहे, म्हणून १५ तारीख. या लसींना २४ महिन्यांपर्यंत मुदत आहे हे खरं, पण त्या मुदतीवर विसंबून राहायचं नाही. शेजारच्या वाड्यातलं बाळ गोवराने किती हैराण झालं होतं ते आईंनी स्वतः पाहिलंय.

१५ जुलै आणि १२ ऑगस्टचं गणित

एमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी आहेत. इंजेक्शनच्या दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी द्यायच्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यायचे. ओवीला त्या दिवशी दोन सुया बसणारच आहेत, तिसरी नको असं मला वाटलं आणि डॉक्टरांनीही चालेल म्हटलं. १५ जुलैनंतर २८ दिवसांनी १२ ऑगस्ट येतो. त्यामुळे १५ जुलै पुढे गेली तर १२ ऑगस्टही तितकीच पुढे न्यायची. सागर, तुला बुधवारी जमलं नाही आणि २२ जुलै ठरली, तर कांजिण्यांची लस १९ ऑगस्टला. काविळीच्या डोसला ही अडचण नाही, आपल्याला दिलेली ती लस जिवंत नाही. त्याला पहिल्या डोसपासून सहा महिने झालेले हवेत, एवढंच.

सर्दी झाली म्हणून लस टाळायची नाही

९ महिन्यांच्या लसीची तारीख १७ डिसेंबर होती. ओवीला सर्दी-खोकला होता, अंग किंचित कोमट लागत होतं, आणि आपण सगळ्यांनी मिळून ‘राहू दे, बरी झाल्यावर नेऊ’ असं ठरवलं. मग पाहुणे आले, मग वर्षअखेर आली, आणि लस मिळाली ७ जानेवारीला. तीन आठवडे ती गोवराच्या लसीविना राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं. नुसती सर्दी, खोकला, थोडा ताप किंवा जुलाब असले तरी लस देता येते. तिथे घेऊन जायचं, सिस्टरना सांगायचं आणि त्यांना ठरवू द्यायचं. खूप ताप असेल किंवा मूल मलूल पडलं असेल तरच आधी डॉक्टर.

झालेल्या लसी

जन्मतः: बीसीजी (डाव्या दंडावरचा वण), पोलिओ थेंब, ‘बी’ काविळीचा डोस.
२३ एप्रिल २०२५: पेंटा, रोटा, पोलिओ थेंब, पोलिओ इंजेक्शन, पीसीव्ही.
२१ मे: पेंटा, रोटा, पोलिओ थेंब.
२५ जून (खरी तारीख १८): पेंटा, रोटा, पोलिओ थेंब, पोलिओ इंजेक्शन, पीसीव्ही.
२० सप्टेंबर आणि १८ ऑक्टोबर: फ्लू. दुसरा डोस धनत्रयोदशीच्या सकाळी घेतला होता.
२२ नोव्हेंबर: टायफॉइड.
७ जानेवारी २०२६: एमआर, पीसीव्ही बूस्टर, पोलिओ इंजेक्शन तिसरं, ‘अ’ जीवनसत्त्व.
२८ मार्च: ‘ए’ काविळीचा पहिला डोस.
३० मे: यंदाचा फ्लू. पुढचा २०२७ च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधी.

पल्स पोलिओचे थेंब या यादीत येत नाहीत. रविवारी बूथ लागला की आधीचे सगळे डोस झालेले असले तरी द्यायचे. जपानी मेंदूज्वराची लस विदर्भातल्या काही जिल्ह्यांत देतात. आपल्या कार्डावर ती नाही.

वजन-उंची

| तारीख | वजन | उंची |
|---|---|---|
| २२ नोव्हें. | ७.५ किलो | ६९ सेंमी |
| ७ जाने. | ७.४ किलो | ७१ सेंमी |
| १४ मार्च | ८.२ किलो | ७३ सेंमी |
| १३ जून | ८.६ किलो | ७६ सेंमी |

जानेवारीत वजन खाली आलं ते त्या आजारपणामुळे. कार्डावरच्या आलेखात रेष पुन्हा वर चढली आहे आणि हिरव्या पट्ट्यातच आहे. आई, दर महिन्याला अंगणवाडीत वजन झालं की तिथेच ठिपका मांडून घ्या. आकडा नुसता ऐकून घरी आलं की विसरतो. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली: सोमवार आणि गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर.

१५ जुलैच्या रात्रीसाठी

एमआर उजव्या दंडात, त्रिगुणी डाव्या मांडीत. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. त्रिगुणीने मांडी सुजते, दुखते आणि एक-दोन दिवस ताप येतो. मांडी चोळायची नाही, हळद किंवा तेल लावायचं नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल, पण आधी बाटलीवरचा आकडा वाचायचा. घरात दोन बाटल्या सापडल्या होत्या: एकीवर ५ मिलीत १२० मिग्रॅ, दुसरीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ, आणि दोन्हींचा रंग सारखाच. २५० ची मी टाकून दिली आहे. उरलेल्या १२० च्या बाटलीतून ओवीच्या आताच्या वजनाला डॉक्टरांनी ५ मिली सांगितलंय. दोन डोसांत सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही.

२२ ते २७ जुलैदरम्यान पुन्हा थोडा ताप किंवा बारीक पुरळ आलं तर ते एमआरचं असू शकतं. घाबरू नका, मला कळवा. तीन तासांहून जास्त न थांबता रडली, झटका आला, श्वास लागला किंवा अंग सैल पडलं, तर वाट पाहायची नाही. थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

१२ सप्टेंबरला डॉक्टरांना विचारायचं

आधार न घेता चालते का (आज दोन पावलं टाकून बसते), ‘आई’ आणि ‘भूभू’शिवाय किती शब्द बोलते, हाक मारली की वळते का, हवी ती वस्तू बोट दाखवून मागते का. दीड आणि दोन वर्षांच्या तपासणीत स्वमग्नतेची प्रश्नावली भरून घ्यायची आहे. तोवर यातलं काही दिसलं की तारीख टाकून इथेच लिहा. आई, तुम्ही दिवसभर तिच्याबरोबर असता, तुम्हाला दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

लांबच्या तारखा

मार्च २०३०, पाच वर्षं: त्रिगुणीचा दुसरा बूस्टर. ‘अ’ जीवनसत्त्व तोवर दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ डोस.
मार्च २०३५, दहा वर्षं: टीडी.
मार्च २०४१, सोळा वर्षं: टीडी. निळी फाइल तोवर जपायची.