पालक भेटीचे निमंत्रण : इयत्ता आठवी ब

सांगली, बुधवार

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

काल मंगळवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ वर्गातल्या दोन मुलांत बाचाबाची आणि धक्काबुक्की झाली. त्यातला एक आपला मुलगा. झटापटीत दुसऱ्याचा चष्मा फुटला. सुदैवाने कुणालाच लागलेले नाही. सुरुवात कशी झाली, याबद्दल मुलांचे सांगणे वेगवेगळे आहे. त्यामुळे शाळेने अजून कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. चष्म्याचे काय करायचे, तेही सर्वांशी बोलूनच ठरेल.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ११.३० वाजता, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात भेटूया. आई, वडील, आजी-आजोबा, ज्यांना जमेल त्यांनी यावे. मुलालाही सोबत बसवू. त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे. दुसऱ्या पालकांना वेगळी वेळ दिली आहे. साधारण अर्धा तास लागेल.

मार्केट यार्डात सौदे असतील किंवा कामावरून सुट्टी मिळत नसेल, तर सोयीची वेळ डायरीत लिहून पाठवा. संध्याकाळीही थांबू.

तोवर त्याला घरी रागावू नये, ही विनंती. रोजच्यासारखा शाळेत येऊ द्या.

आपली,
वर्गशिक्षिका, आठवी ब