तीन वाटा, आठ चिठ्ठ्या
इयत्ता अकरावी, तत्त्वज्ञान : कर्म, ज्ञान, भक्ती (वाचन आणि गटकार्य, दोन तासिका)

आधी हे वाचा, मग पाकीट उघडा.

मागच्या तासाला मी विचारलं होतं, "कर्म म्हणजे काय?" अर्ध्या वर्गाने सांगितलं, "नशीब." बाकीच्यांनी सांगितलं, "काम." बोलण्यात दोन्ही अर्थ चालतात, पण कर्ममार्गाचा विचार करताना दोन्ही अपुरे पडतात. काम तर सगळेच करतात. गीतेला पडलेला प्रश्न असा की काम करणारा त्या कामाला आतून कसा बांधला जातो, आणि बांधला न जाता काम करता येतं का.

दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक तुम्हाला पाठ आहे, निदान पहिला चरण तरी : कर्मण्येवाधिकारस्ते. आपण बहुधा तिथेच थांबतो. शेवटचा चरण सांगतो, "मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि", म्हणजे काम न करण्याचाही मोह धरू नको. फळावर हक्क सांगायचा नाही, याचा अर्थ काम कसंही उरकायचं असा होत नाही. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचं वर्णन येतं. त्याला आसक्ती नाही, 'मी केलं' हा अहंकार नाही, यश-अपयशाने तो डळमळत नाही, पण धृती आणि उत्साह मात्र त्याच्यापाशी भरपूर आहे. तो उत्साह विसरू नका. सहाव्या चिठ्ठीला तो लागेल.

ज्ञानमार्गातलं ज्ञान म्हणजे माहिती नव्हे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतात आणि संपत्तीची वाटणी करू लागतात, तेव्हा मैत्रेयी विचारते, "जिने मी अमर होणार नाही, ती संपत्ती घेऊन मी काय करू?" ज्ञानमार्ग या प्रश्नापासून सुरू होतो. मी खरोखर कोण? देह, मन, नाव, नातं यांतलं बदलणारं बाजूला सारत गेलं तर उरतं काय? छांदोग्यातले उद्दालक हेच मुलाला पाण्यात मीठ विरघळवून दाखवतात. मीठ दिसत नाही, पण वरून, मधून, तळातून कुठूनही चाखा, ते आहेच.

भक्तीची ओळख करून द्यायला मी फार शब्द खर्च करणार नाही. दर आषाढीला ती तुमच्या रस्त्यावरून चालत जाते. फक्त एक लक्षात ठेवा. 'मागणं मागतो तो खरा भक्त नाही' असं आपण सहज म्हणतो. गीता सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगते : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात हाक मारणारा आणि काही हवं म्हणून येणारा, दोघेही या यादीत आहेत. ज्ञानी सगळ्यांत जवळचा, पण उदार मात्र चौघेही.

यांतली श्रेष्ठ वाट कोणती, यावर शतकानुशतकं वाद झाला. शंकराचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानानेच मिळतो. कर्माने चित्त शुद्ध होतं, पण तेवढंच. रामानुजाचार्यांनी भक्तीला मुख्य स्थान दिलं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीता मुख्यतः कर्मयोग सांगते असं ठामपणे मांडलं. आणि त्याआधी सव्वासहाशे वर्षं ज्ञानेश्वरांनी ही ओवी लिहून ठेवली होती :

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

आपलं काम हेच फूल, आणि ते वाहायचं सर्वांच्या आत असलेल्या ईश्वराला. या एका ओवीत किती वाटा एकत्र आल्या ते मोजा. मला ती फार प्रिय आहे, हे लपवत नाही.

गटकार्य

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक चिठ्ठी एकाने मोठ्याने वाचावी. मग ती कर्म, ज्ञान, भक्ती यांपैकी एका रकान्यात ठेवा. दोन रकान्यांच्या रेषेवर ठेवली तरी चालेल, आणि 'यांपैकी नाही' असा चौथा रकानाही आहे. अट एकच : ज्या शब्दामुळे तुम्ही ठरवलंत, त्या शब्दाखाली रेघ मारा. इथे कोणाची श्रद्धा तपासायची नाही. देव मानणारे, न मानणारे, वेगळ्या धर्माचे, सगळ्यांनी विचार समजून घेण्यासाठी बोलायचं आहे.

१. ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळीची परिचारिका. नातेवाईक तिच्यावर ओरडतात, सकाळी आभार डॉक्टरांचे मानतात. तिने प्रत्येक इंजेक्शन वेळेवर दिलं, नोंद केली आणि ती घरी गेली. "वाईट नाही वाटलं?" "माझं काम होतं ते, नीट झालं."

२. आळंदीहून चालत आलेल्या आजी. दर्शनबारी एवढी लांब की पदस्पर्श होणं शक्य नाही. नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळस पाहतात. "पोचलं त्याला," म्हणून परत फिरतात.

३. वडील गेल्यावर एक मुलगा आईला विचारतो, "देह तर समोरच होता, मग गेलं ते कोण?" त्यानंतर वर्षभर तो वाचतो, विचारतो, सोपी उत्तरं नाकारतो.

४. गीतेचे सर्व ७०० श्लोक पाठ असलेली मुलगी पाठांतर स्पर्धेत पहिली येते. मैत्रिणीचा उच्चार चुकला की वर्गासमोर हसते.

५. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. ढवळताना तोंडात विठ्ठलाचं नाव. "जेवायला बसतात ते कोण, ठाऊक आहे मला," म्हणतात.

६. पुलाच्या कामावरचा अभियंता काँक्रीटची तपासणी न करताच सही करतो. "आपण कर्म करायचं, फळाची चिंता नाही."

७. प्रवेश मिळाला तर अष्टविनायक करीन, असा नवस बोललेला विद्यार्थी.

८. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा व्याध. मांस विकतो, आईवडिलांची सेवा करतो. तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला एक गृहिणी त्याच्याकडे पाठवते, आणि व्याध त्याला धर्म समजावून सांगतो.

चर्चेसाठी

पहिल्या तीन चिठ्ठ्या बहुतेक गटांना अडवणार नाहीत. दुसरीवर मात्र थोडं थांबा : आजींचं फळ हुकलं की मिळालं?

चौथी बरेच जण 'ज्ञान'मध्ये टाकतील. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं मोजली आहेत. त्यांत पहिलं लक्षण आहे अमानित्व, म्हणजे स्वतःचा बडेजाव नसणं. पाठांतराचा तिथे उल्लेख नाही. आता चिठ्ठी पुन्हा हातात घ्या.

सहावीतला माणूस गीतेची भाषा बोलतो, म्हणून ती सर्वांत धोक्याची. त्याने सोडली ती फळाची आसक्ती की कामाची जबाबदारी? फळ सोडणारा तपासणी अधिक काटेकोर करील, कारण बिल लवकर निघण्याची घाई त्याला उरणार नाही.

सातवी 'हा तर सौदा आहे' म्हणून चौथ्या रकान्यात गेली असेल, तर वरचे चार भक्त पुन्हा वाचा आणि आपसांत भांडा. माझं मत मी शेवटी सांगेन.

पाचवी आणि आठवी रेषेवर ठेवल्या असतील तर कोणत्या रेषेवर, ते सांगावं लागेल. व्याधाची दिनचर्या कर्माची, बोलणं ज्ञान्याचं. मग त्याची वाट दुकानावरून ठरवायची की बोलण्यावरून?

घरचा अभ्यास : नववी चिठ्ठी तुम्ही लिहायची. घरात किंवा गल्लीत रोज दिसणारा एक माणूस, नाव न घालता, चार-पाच ओळींत. तो काय करतो ते लिहाच, पण तो ते का करतो हे आधी त्याला विचारून या. गुरुवारी चिठ्ठ्या गटांमध्ये अदलाबदल करून लावू.