लेबल, लोगो आणि पाट्यांच्या दिवाळीच्या कामांसाठी पाच जागा खुल्या करतेय

फोटोतली लाल पिशवी कांदा-लसूण चटणीची आहे. करवीर तालुक्यातल्या एक काकू कितीतरी वर्षं डंकावर चटणी कांडून ओळखीपाळखीत विकत होत्या, साध्या पारदर्शक पिशवीत, वर स्टेपल मारून. गेल्या महिन्यापासून तीच चटणी कोल्हापुरातल्या दुकानांत फळीवर उभी आहे. पिशवीवरचं 'चटणी' मी हातानं काढलंय. 'ट'चं पोट आणि 'ण'चा उभा दांडा यांचं वजन जुळेपर्यंत चौदा कागद संपले. पहिली छापील पिशवी हातात घेऊन काकूंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या घरचंच वाटतंय गं." मला एवढंच हवं असतं.

ऑगस्ट-सप्टेंबरसाठी पाच कामं घेतेय. तीन लेबल किंवा पॅकिंगची, एक लोगोचं, एक दुकानाच्या पाटीचं किंवा मेनूकार्डाचं. मी एकटीच काम करते, अक्षरं स्वतः काढते, म्हणून पाचच. दिवाळीत माल बाजारात हवा असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फाइल प्रेसमध्ये गेलेली बरी. त्यानंतर प्रेसवाल्यांकडे पत्रिका, बॉक्स आणि कॅलेंडरांची रांग लागते.

दर मोकळेपणानं सांगते, म्हणजे विचारायला संकोच नको. हे सुरुवातीचे दर आहेत, काम वाढलं तर वाढतात, पण वाढणार असतील तर आधी सांगते.

देवनागरी लोगो: ₹१४,००० पासून. तीन आठवडे. इंग्रजी जोडनाव हवं असेल तर त्याच दरात.
लेबल किंवा पिशवी, एका मापाची: ₹७,००० पासून. बारा दिवस. त्याच मालाचा पुढचा प्रत्येक स्वाद किंवा वजन ₹१,५००.
फराळ-मिठाईचा बॉक्स: ₹९,००० पासून. डाय-लाइन, म्हणजे बॉक्स कुठे कापायचा-दुमडायचा तो आराखडा, प्रेसकडून आली की दोन आठवडे.
दुकानाची पाटी: ₹४,००० पासून.
मेनूकार्ड, चार पानी: ₹५,५०० पासून.

छपाईचा खर्च यात धरलेला नाही, तो थेट प्रेसला. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलावर जीएसटी लागत नाही. निम्मे पैसे सुरुवातीला, निम्मे छपाईची फाइल देण्याआधी. दोनदा दुरुस्त्या दरातच, तिसऱ्या खेपेपासून प्रत्येक वेळी ₹१,०००. सगळे पैसे आले की त्या डिझाइनचे हक्क तुमच्या नावे लेखी करून देते. हे आवर्जून मागा, माझ्याकडेच नाही, कुणाकडेही काम दिलंत तरी. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतर होत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. बऱ्याच ठिकाणी आधी इंग्रजी नाव बसवतात आणि उरलेल्या जागेत मराठी कोंबतात. वेलांट्या कापल्या जातात, रफार दबून जातो, मराठी 'ल' आणि 'श'ऐवजी हिंदी वळणाचे येतात. मी आधी देवनागरी बसवते. वर मात्रा-अनुस्वाराला आणि खाली उकाराला किती जागा लागते ते बघून मग बाकीची मांडणी.

एक चूक माझ्या हातून झालीय, तीही सांगते. पहिल्याच वर्षी एका लेबलची फाइल अक्षरं आउटलाइन न करता, म्हणजे फॉन्टमधून पक्क्या आकारात न बदलता, प्रेसला पाठवली. तिकडच्या संगणकावर अक्षरांची जुळणी मोडली, ऱ्हस्व वेलांटी 'म' सोडून पुढे 'र'च्या डोक्यावर जाऊन बसली आणि 'मिरची'चं 'मरिची' होऊन बाराशे लेबलं छापली गेली. ती पुन्हा माझ्या खर्चानं छापून दिली. तेव्हापासून प्रत्येक फाइल आउटलाइन करूनच जाते आणि छपाईआधी कागदावरचा प्रूफ तुम्ही वाचून, सही करून दिल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. घरातल्या दोघांनी वाचा. एकानं मोठ्यानं वाचा.

खाण्याच्या पदार्थांचं काम असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, घटक, पोषणाची माहिती, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहारी असेल तर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, हे सगळं मागच्या बाजूला 'कुठेतरी' टाकायचं नसतं. वजनाचे अंक किती उंचीचे हवेत हेही नियमात ठरलंय. आणि सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी जोडीला चालते, पण एकटी पुरत नाही. म्हणून मी नाव आणि दर्शनी बाजू ठसठशीत मराठीत करते आणि सक्तीची माहिती इंग्रजीत नीट बसवते. तुमच्या मालाला नेमकं काय लागू होतं ते परवान्याचं काम बघणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मजकूर पक्का करून द्या.

पाटीवाल्यांसाठी: महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षर बाकी भाषांपेक्षा लहान चालत नाही. नियम पाळायचाच आहे तर अक्षर देखणं काढू या.

काम कसं सांगायचं? फॉर्म नाही. व्हॉइस नोट पाठवा, बोलीत बोला, मला तीच जास्त उपयोगी पडते. फक्त "काहीतरी छान, रिच करा" यावरून मला काहीच कळत नाही. गेल्या वर्षी गुळाच्या एका कामासाठी आलेला निरोप त्यांच्या परवानगीनं देते:

"आमचा गूळ केमिकल न घालता करतो, म्हणून रंग काळपट असतो. लोकांना पिवळाधमक हवा असतो, ते आमचा बघून मागं सरतात. एक किलोची ढेप आणि पाव किलोचे खडे, असे दोन प्रकार. किराणा दुकानात खालच्या फळीवर असतो, तर वरून बघितल्यावर नाव दिसायला पाहिजे. पहिल्यांदा पाचशेच छापणार. बजेट दहा हजार, छपाई सोडून. दसऱ्याला बाजारात हवाय."

दीड मिनिटाचा निरोप, पण त्यात सगळं होतं. काळपट रंग झाकायचा नाही, तोच पुढे आणायचा, हे मला तिथंच सुचलं. झाकणाला खिडकी ठेवली आणि नाव वरच्या बाजूला घेतलं. पाचशेच हवे म्हणाले, म्हणून छापील बॉक्सऐवजी साधा बॉक्स आणि वर लेबल केलं. त्यांचे पैसे वाचले.

तुम्हीही असंच सांगा. काय विकता, कोण घेतं, कुठं ठेवलं जातं, माप काय, किती छापणार, कधी हवं, खर्च किती झेपेल. मालाचे दोन-तीन फोटो उजेडात काढून पाठवा, आत्ताच्या पॅकिंगसकट. आवडलेलं दुसऱ्याचं डिझाइन पाठवलंत तरी चालेल, पण त्यातलं काय आवडलं ते सांगा; हुबेहूब तसंच करून देत नाही. आणि निर्णय घरात कोण घेणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा. दादांनी पसंत केलेला रंग आठवड्यानं वहिनींनी बदलला की दोघांचाही वेळ जातो.

मेसेंजरवर 'जागा' एवढं लिहा, पुढचं मी विचारते. उत्तर दोन दिवसांत, रविवार सोडून. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत असाल तर माल बघायला स्वतः येते. लांबचे असाल तर नमुना कुरियरनं पाठवा. पदार्थ चाखल्याशिवाय त्याचं लेबल मी करत नाही.

आज सकाळी एक लेबलची जागा गेली. चार उरल्यात.

#मराठीअक्षर #देवनागरी #पॅकेजिंगडिझाइन #लेबलडिझाइन #कोल्हापूर #घरगुतीउद्योग