विषय: बिलावर व डिलिव्हरी चलनावर छापलेला आमचा मोबाइल नंबर दुरुस्त करणेबाबत

नमस्कार साहेब,

गेल्या तीन बिलांवर आणि सोबतच्या चलनांवर आमचा नंबर चुकीचा छापून येतोय. शेवटचे चार आकडे ४७१६ हवेत, तुमच्याकडे ७४१६ पडलेत. बरोबर नंबर म्हणजे मी ज्यावरून तुम्हाला ऑर्डर टाकतो तोच.

मंगळवारी पीव्हीसी पाइपांची गाडी विश्रामबागपर्यंत आली, ड्रायव्हरने छापील नंबरावर फोन लावला. तो लागला मिरजेतल्या एका बाईंना. त्यांनी "मी कुठलेही पाइप मागवले नाहीत" म्हणून सांगितलं, आणि माल कुपवाडच्या गोडाऊनला परत गेला. चूक ड्रायव्हरची नाही, बाईंची तर नाहीच. त्या बिचाऱ्यांना आतापर्यंत चार फोन गेलेत.

कृपया कॉम्प्युटरमधल्या आमच्या खात्यातच नंबर बदला. बिलावर पेनाने खोडून दिला तर पुढच्या वेळी पुन्हा तोच छापून येईल. चलन गोडाऊनमधून वेगळं निघत असेल तर तिथेही कळवा. जुनी बिलं बदलून नकोत, रक्कम आणि जीएसटी नंबर बरोबर आहेत.

शनिवारी पुढची गाडी आहे, त्याआधी झालं तर बरं. बदल केल्यावर चलनाचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, अर्थातच ४७१६ वर.

आपला,
सुनील
हार्डवेअर दुकान, गणपती पेठ, सांगली