सई, त्या पेपरातल्या महागाईच्या ग्राफचं असं आहे बघ

सई, फोटो बघितला. तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे गं, की महागाई 0.25 टक्क्यांवर आली तर मग माझी ताई, म्हणजे तुझी आई, किराण्याचं बिल बघून अजून का वैतागते. व्हॉइस नोट पाठवणार होतो पण आकडे ऐकून कळत नाहीत, म्हणून टाइप करतोय, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तू फोटो तिरका काढलायस. ग्राफमागच्या बारीक आडव्या रेषा बघ, छापलेल्या सरळ असणार पण फोटोत उजवीकडे खाली झुकल्यात. त्यामुळे निळी रेष आहे त्यापेक्षा जास्त धाडकन पडलेली दिसते. म्हणून फोटोतला उतार बघायचाच नाही, डावीकडचे आकडे आणि प्रत्येक ठिपक्यावर लिहिलेला नंबर वाचायचा. खाली महिने आहेत, ऑक्टोबर 2024 पासून ऑक्टोबर 2025 पर्यंत. निळी रेष सगळी महागाई, लाल रेष फक्त खाण्यापिण्याची. करड्या रंगाचा आडवा पट्टा कशाचा ते नंतर सांगतो.

आता निळी रेष. ती 6.21 पासून निघते आणि 0.25 ला येऊन थांबते. तुला वाटलं की वस्तूंच्या किमती सहावरून पावावर आल्या. तुलाच काय, हेडिंग देणाऱ्यालाही बहुतेक तसंच वाटलं असणार, कारण वर मोठ्या अक्षरात 'महागाई तळाला' लिहिलंय आणि ते वाचून कोणालाही वाटेल की बाजारात सगळं फुकट वाटतायत. पण ही रेष किमतींची नाहीच. किमती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा किती टक्के वाढल्या, त्याची ही रेष आहे.

थांब, खरे आकडे देतो म्हणजे डोक्यात बसेल. सरकार काय करतं, लोक काय काय विकत घेतात त्याची एक भलीमोठी यादी धरतं, तांदूळ, दूध, घरभाडं, बसभाडं, डॉक्टरची फी, चप्पल, सगळं. या ग्राफच्या आकड्यांसाठी सरकारची माणसं दर महिन्याला देशातल्या 1,181 गावांत आणि 310 शहरांतल्या बाजारांत जाऊन भाव लिहून आणायची. 2012 मध्ये ही सगळी पिशवी 100 रुपयांना भरली असं धरायचं. तर तीच पिशवी ऑक्टोबर 2023 ला 185.30 रुपयांची झाली. ऑक्टोबर 2024 ला 196.80. आणि ऑक्टोबर 2025 ला 197.30. दिसलं का? 185.30 चे 196.80 झाले तेव्हा साडेअकरा रुपये वाढले, ते झाले 6.21 टक्के, म्हणजे तुझ्या ग्राफचा पहिला ठिपका. आणि 196.80 चे 197.30 झाले, फक्त पन्नास पैसे, ते 0.25 टक्के, म्हणजे शेवटचा ठिपका. कॅल्क्युलेटर घे आणि करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

म्हणजे रेष खाली आली पण पिशवी स्वस्त झाली नाही. गेल्या वर्षी ती जिथे चढून बसली तिथेच बसलीय, फक्त आणखी चढली नाही. ताई जे म्हणते की दोन वर्षांत सगळं महागलंय ते अगदी बरोबर आहे, 185.30 आणि 197.30 मध्ये बारा रुपयांचा फरक आहेच की. पेपरही खोटं बोलत नाही आणि ताईही नाही, ती वेगळ्या वर्षाशी तुलना करतेय एवढंच.

आता लाल रेष, ही खरी मजेची. ती 10.87 वरून सुरू होते, जूनमध्ये शून्याच्या खाली जाते आणि शेवटी उणे 5.02 ला. शून्याच्या खाली गेली म्हणजे मात्र खरंच स्वस्त. गेल्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरात खाण्यापिण्याचं सामान सरासरी पाच टक्क्यांनी कमी भावाला मिळालं. निळी रेष शून्याच्या वर राहिली, लाल खाली गेली, हा या ग्राफमधला सगळ्यात मोठा फरक आहे आणि बातमीत त्याबद्दल एक ओळ नाही, निदान तू पाठवलेल्या तुकड्यात तरी.

लाल रेष एवढी का पडली, तर भाज्यांमुळे. तुझ्या फोटोत उजवीकडे छोटी चौकट आहे ना, अंगठ्याची सावली पडलीय तिथे, त्यात लिहिलंय भाजीपाला उणे 27.57. आता गेल्या वर्षीची दिवाळी आठव, कांदा पन्नास-साठ रुपये किलोने आणत होतो आपण. त्या ऑक्टोबरात भाजीपाला आधीच्या वर्षापेक्षा 42.18 टक्के महाग होता. म्हणजे तुलना कोणाशी चाललीय बघ, ज्या महिन्यात भाज्या आकाशाला भिडल्या होत्या त्या महिन्याशी. कुठलाही साधा भाव त्याच्याशेजारी ठेवलास तर तो स्वस्तच दिसणार. याला बेस इफेक्ट म्हणतात, शब्द नाही आठवला तरी चालेल, पण टक्केवारी दिसली की 'कशाच्या तुलनेत' हे विचारायचं.

आणि एक गंमत कर. भाज्या 42.18 ने चढल्या आणि मग 27.57 ने उतरल्या, तर दोन वर्षांपूर्वीच्या मानाने आता किती महाग? बहुतेक जण 42 मधून 27 वजा करतात आणि साधारण पंधरा टक्के म्हणतात. चूक. ऑक्टोबर 2023 ला 100 रुपयांची भाजी धर. 42.18 चढली, 142.18 झाली. आता उतरताना 27.57 टक्के हे 100 चे नाही, 142.18 चे काढायचे, ते येतात साधारण 39 रुपये 20 पैसे. उरले 102.98. म्हणजे दोन वर्षांत भाजी जेमतेम तीन टक्के महाग! चढताना टक्के छोट्या आकड्यावर मोजले आणि उतरताना मोठ्या आकड्यावर. सेलच्या पाट्यांवर हाच खेळ असतो, आधी भाव वाढवायचा मग डिस्काउंट द्यायचा, पण ते जाऊ दे आत्ता.

तू म्हणशील मग भाजी एवढी उतरली तरी घरचं बिल का उतरलं नाही. त्याचं कारण त्या पिशवीत कशाला किती जागा आहे त्यात आहे. या आकड्यांमागच्या देशाच्या पिशवीत खाण्यापिण्याला 45.86 टक्के जागा होती, जवळजवळ निम्मी. त्यातला भाजीपाला सगळ्या पिशवीच्या साधारण सहा टक्के. घराला दहा टक्के. पान, तंबाखू आणि दारू मिळून 2.38 टक्के (आपल्या आजोबांचा तंबाखू धरला तर जरा वाढवावा लागेल). ही वाटणी 2011-12 च्या घरखर्चाच्या पाहणीवरून ठरवली होती, तेव्हा तू चालायला शिकत होतीस आणि लोक मोबाइलचा डेटा आत्तासारखा घेतही नव्हते. तुमच्या घरी महिन्याला जे पैसे जातात त्यात भाजी किती आणि तुझ्या शाळेची फी, क्लास, रिक्षा, भाडं किती? ताईची पिशवी वेगळी आहे. त्यात तेल बघ, भाजी उतरली तरी खाद्यतेल वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त महाग झालं, आणि तेलाचा डबा महिन्याला घ्यावाच लागतो. सोन्याचं तर बोलूच नको, वर्षात पन्नास टक्क्यांच्या वर गेलं, त्यामुळे ताईने दिवाळीला नुसतं दुकान बघितलं आणि परत आली. 22 सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला त्याचाही थोडा हात आहे 0.25 मध्ये, पण भाज्या आणि बेसच्या मानाने कमी.

आता तो करडा पट्टा. तो 2 पासून 6 पर्यंत आहे. सरकारने रिझर्व्ह बँकेला सांगितलंय की महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवा, दोन इकडे दोन तिकडे चालेल. सलग तीन तिमाही पट्ट्याच्या बाहेर गेली तर बँकेला सरकारला लेखी कारण द्यावं लागतं. तू विचारशील 0 का नाही ठेवत, 4 कशाला. कारण भाव अजिबात वाढेनात किंवा पडायला लागले की दुकानदार, कारखानदार माल करायला कचरतात, लोकही 'पुढच्या महिन्यात घेऊ, अजून उतरेल' करत बसतात, आणि मग कामं कमी होतात. म्हणून रेष पट्ट्याच्या खाली गेली की तीही काळजीचीच गोष्ट. 2025 मध्ये जूनपर्यंत बँकेने व्याजदर साडेसहावरून साडेपाचवर आणला तो महागाई खाली येत होती म्हणूनच, आणि तुझ्या बाबांच्या घराच्या हप्त्यात जो थोडा फरक पडला तो त्यामुळे. म्हणजे बघ, हा ग्राफ तुमच्या घरात दोन दारांनी येतो, एक किराण्याच्या आणि एक हप्त्याच्या.

आणि लाल रेषेची दुसरी बाजू आजोबांना विचार. निफाडात बसून त्यांना ती रेष खाली गेलेली अजिबात आवडत नाही. शहरात बसलेल्याला कांदा स्वस्त म्हणजे बरं, पण लासलगावच्या मार्केटला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाला तोच आकडा म्हणजे मजुरी आणि भाडंही सुटत नाही. पेपरात त्या रेषेला हिरवा बाण काढलाय, चांगलं झालं म्हणून. कोणासाठी चांगलं ते नाही लिहिलं. मला हा हिरवा बाण पटत नाही, सरळ सांगतो.

शाळेत बोलायचं असेल तर भाजीचं ते 100, 142.18, 102.98 एवढं फळ्यावर लिही, बाकी नको, तेवढ्यानेच वर्गात भांडण लागेल. आणि ग्राफच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ दिसतेय ती तू अर्धी कापलीस, त्यात आकडे ग्रामीण, शहरी की दोन्ही मिळून ते लिहिलेलं असतं, तेवढा भाग परत काढून पाठव, आणि या वेळी पेपर टेबलावर सपाट ठेवून वरून सरळ काढ. पुढचा आकडा 12 डिसेंबर 2025 ला दुपारी चारला येईल. नोव्हेंबर 2024 ला निळी रेष 5.48 वर होती, म्हणजे तुलनेचा महिना यावेळी थोडा कमी चढलेला. तर तुझा अंदाज सांग, 0.25 वरून वर जाईल की शून्याखाली? हरलीस तर आंबा बर्फी तू आणायची.